तासाला साठ ग्रॅम

१९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपल्यावर तिथल्या काही डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. त्यात एक गोष्ट ठळक दिसली. जे धावपटू शेवटी पांढरेफटक पडले होते, थरथरत होते, विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर देऊ शकत नव्हते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी पिठूळ पदार्थ भरपूर खायला सांगितलं आणि वाटेत गोळ्या-चॉकलेटं चघळायला दिली. त्या वर्षी त्यांची साखर टिकली, आणि ते शर्यतीच्या शेवटी बऱ्या अवस्थेत पोचले. लांब अंतरावर पळताना खायला हवं, ही गोष्ट वैद्यकाला अशी शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

तरीही पळताना चॉकलेट चावणं हा काही सुखाचा प्रकार नाही. तोंड कोरडं असतं, श्वास चाललेला असतो, घास घशात अडकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये ही अडचण चांगलीच जाणवायची, कारण डरबन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधली ती शर्यत जवळजवळ ९० किलोमीटरची आहे. ती नऊ वेळा जिंकणारा ब्रूस फोर्डाइस आणि क्रीडावैद्यकाचे प्राध्यापक टिम नोक्स यांनी १९८०च्या दशकात पिळून तोंडात घेता येईल असं साखरेचं दाट मिश्रण वापरून पाहिलं. आजच्या जेलचा पूर्वज तो. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथून जेलची पाकिटं बाजारात आली. आता पुण्या-मुंबईतल्या सायकलच्या दुकानातही ती काउंटरवर मांडलेली असतात.

पाकीट साधारण ३० ते ६० ग्रॅमचं. आत बहुधा २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. घटकांची यादी वाचली तर बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिन पहिलं दिसतं. मक्याच्या स्टार्चचे तुकडे करून बनवलेली ही पावडर फारशी गोड लागत नाही, पण पोटात गेल्यावर तिचं झटपट ग्लुकोज होतं. त्याच्या जोडीला फ्रुक्टोज, पाणी, थोडं मीठ, स्वादासाठी आम्ल, आणि काही जेलमध्ये कॅफीन. यात गूढ काहीच नाही. किंमत पाहून मात्र तसं वाटू शकतं.

जेलची गरज का पडते, याचा हिशेब सोपा आहे. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठतं, म्हणजे दोन हजार कॅलरी. गोव्यात होणारी अर्ध-आयर्नमॅन स्पर्धा घ्या. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. हौशी माणसाला त्याला सहा-सात तास लागतात आणि साडेतीन-चार हजार कॅलरी सहज जळतात. उरलेली ऊर्जा चरबीतून येते खरी, पण चरबी सावकाश जळते. ग्लायकोजेन संपत आलं की वेग पडतो, डोकं जड होतं, आणि सायकलवर नीट चाललेला माणूस धावण्याच्या दहाव्या किलोमीटरला चालायला लागतो.

मग सरळ भरपूर खावं, असं कोणालाही वाटेल. इथे आतडं आडवं येतं.

ग्लुकोज आतड्यातून रक्तात आपोआप झिरपत नाही. त्याला आत घेणारं एक प्रथिन आतड्याच्या पेशींवर असतं आणि ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढतं. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली प्रागच्या परिषदेत ही कल्पना मांडली. साखर आणि मीठ बरोबरीने आत गेलं की पाठोपाठ पाणीही जातं. भारतीय वाचकाला हे वेगळ्या नावाने माहीत आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसने जीव वाचतो तो ज्या प्रथिनामुळे, त्याच प्रथिनावर मॅरेथॉनवाल्याचं जेलही अवलंबून असतं.

पण या प्रथिनाच्या कामाला मर्यादा आहे. तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोजपर्यंत ते साथ देतं. त्याहून जास्त गिळलं तर जास्तीचं आतड्यातच पडून राहतं. फ्रुक्टोजसाठी मात्र वेगळं वाहक प्रथिन आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात अस्कर यूकेनड्रुप आणि रॉय येंट्येन्स यांनी सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगांत, २००४ साली, हे नेमकं दिसलं. नुसतं ग्लुकोज कितीही दिलं तरी शरीर मिनिटाला एक ग्रॅमच्या आसपासच जाळत होतं. ग्लुकोजला फ्रुक्टोजची जोड दिली तेव्हा हा आकडा १.२६ ग्रॅमवर गेला. म्हणूनच आजच्या बऱ्याच जेलांवर ‘२:१’ असं छापलेलं असतं, म्हणजे दोन भाग ग्लुकोज, एक भाग फ्रुक्टोज. अडीच-तीन तासांहून लांब स्पर्धेसाठी तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाण्याचा सल्ला आला तो या कामातून.

आता गंमत अशी की आपली साधी साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोजच असते. ४० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन पाण्यात विरघळवलं की ग्लुकोज ४० आणि फ्रुक्टोज २० ग्रॅम, म्हणजे नेमकं २:१ जमतं. चिमूटभर मीठ आणि लिंबू घातलं की तासाभराचं इंधन बाटलीत तयार. महागड्या पाकिटापेक्षा ते कमी प्रतीचं मुळीच नाही. पाकिटाचा फायदा सोयीचा आहे: ते खिशात मावतं, फुटत नाही, आणि प्रत्येकात किती ग्रॅम आहेत ते छापलेलं असतं.

आतड्याची मर्यादा ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात बहुतेक नवखे ६० ग्रॅमच्या जवळही पोचत नाहीत, त्याआधीच पोट बंड करतं. जोरात व्यायाम सुरू झाला की रक्त स्नायूंकडे आणि, उकाडा असेल तर, कातडीकडे वळतं. पोटाकडे जाणारा रक्तपुरवठा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. त्यात धावताना सगळा ऐवज प्रत्येक पावलागणिक हिंदकळतो, म्हणून सायकलवर चालणारं जेल धावताना चालत नाही. दाट जेल पाण्याशिवाय घेतलं तर ते पातळ करण्यासाठी आतडं उलट शरीरातलंच पाणी आत ओढतं. आधीच घामाने सुकत चाललेल्या माणसासाठी हा तोट्याचा व्यवहार.

पोट बिघडलंय हे ओळखणं कठीण नसतं, पण कुठे बिघडलंय हे ओळखता आलं तर उपाय नेमका होतो. ढेकर येतायत, वरचं पोट तट्ट फुगलंय, पळताना पाणी डुचमळल्याचा आवाज येतोय, मळमळतंय: माल जठरात अडकलाय. अशा वेळी पुढचं जेल घेऊ नये. वेग दहा-पंधरा मिनिटं उतरवावा, साध्या पाण्याचे घोट घ्यावेत, डोक्यावर-मानेवर पाणी ओतावं. रक्त पोटाकडे परतलं की जठर पुन्हा कामाला लागतं. याउलट बेंबीखाली कळा, गॅस आणि शौचाला धावायची वेळ असेल तर न शोषलेली साखर, बहुधा फ्रुक्टोज, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतेय. काहींना मुळातच फ्रुक्टोज झेपत नाही. त्यांनी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोजवर भर असलेलं जेल निवडावं आणि तासाला ६० ग्रॅमच्या आत राहावं.

आणखी एक गुन्हेगार औषधाच्या पाकिटात असतो. गुडघा दुखू नये म्हणून स्पर्धेच्या सकाळी आयब्युप्रोफेनची गोळी घेण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. या जातीच्या वेदनाशामकांमुळे व्यायामात आतड्याच्या अस्तराला होणारी इजा वाढते आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. पोट बिघडलं की दोष जेलला दिला जातो, गोळीची आठवण कुणाला होत नाही.

आता प्रश्न असा की आतड्याला शिकवता येतं का? येतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात रिकार्डो कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली हे धावपटूंवर तपासलं. प्रत्येकाला दोन तास पळायला लावलं आणि दर वीस मिनिटांनी ३० ग्रॅम कर्बोदकं दिली, म्हणजे तासाला ९० ग्रॅम. सवय नसलेल्या माणसाला हे फारच जड. साहजिकच पोटाच्या तक्रारी भरपूर झाल्या. मग दोन आठवडे त्यांनी वेगवेगळ्या गटांत धावताना खाण्याचा सराव केला आणि तीच परीक्षा पुन्हा दिली. तक्रारी कमी झाल्या, न शोषलेल्या साखरेचं श्वासातून कळणारं प्रमाण जेल घेणाऱ्या गटात उतरलं, आणि दोन तासांनंतर लगेच घेतलेल्या एका तासाच्या धावण्याच्या चाचणीत हे लोक आधीपेक्षा जास्त अंतर धावले. ज्यांना सरावात नुसतं साखरविरहित मिश्रण दिलं होतं, त्यांच्या धावण्यात अशी सुधारणा दिसली नाही.

यामागची कारणं दोन पातळ्यांवर आहेत. भरलेल्या पोटाने हालचाल करायची जठराला सवय होते आणि ते लवकर रिकामं होऊ लागतं. दुसरं, रोजच्या आहारात कर्बोदकं जास्त असली की आतड्यातली साखर वाहणारी प्रथिनं वाढतात. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. जो माणूस वजन उतरवायला महिनोन् महिने भात-पोळी बंद करतो, सगळा सराव उपाशीपोटी करतो, आणि स्पर्धेच्या दिवशी सहा जेल खिशात भरतो, त्याने आपल्या आतड्याला नेमकं नको ते शिकवलेलं असतं.

हा सराव प्रत्यक्षात कसा बसवायचा, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यात नोकरी करणारा, चाळिशीतला, ६८ किलो वजनाचा माणूस गोव्याच्या स्पर्धेची तयारी करतोय. पोहायला पाऊण तास, सायकलला तीन तास वीस मिनिटं, धावायला दोन तास वीस मिनिटं असा त्याचा अंदाज. पोहताना खाता येत नाही, म्हणजे खाण्या-पिण्यासाठी हातात पाच तास चाळीस मिनिटं.

पहिलं काम घाम मोजण्याचं. एखाद्या उकाड्याच्या सकाळी, लघवी करून, कमीत कमी कपड्यांत त्याने वजन केलं: ६८.४ किलो. स्पर्धेच्या वेगाने दीड तास पळाला, मध्ये ४०० मिलिलिटर पाणी प्यायला, घाम पुसून पुन्हा वजन केलं: ६७.३. गेलं १.१ किलो, त्यात प्यायलेलं ०.४ मिळवलं की १.५ लिटर. दीड तासात दीड लिटर, म्हणजे तासाला एक लिटर घाम. पुण्याच्या कोरड्या हवेत मोजलेला आकडा गोव्याच्या दमट किनाऱ्यावर कमी पडेल, म्हणून शक्य असेल तर हीच मोजणी कोकणात किंवा मुंबईत एकदा करावी. समजा तिथेही त्याचा घाम तासाला लिटरच्या आसपास भरला. मग स्पर्धेत साडेपाच-पावणेसहा लिटर जाणार. ते सगळं भरून काढायचं नसतं. सायकलवर तासाला ७५० आणि धावताना ६०० मिलिलिटर प्यायला तर जवळजवळ चार लिटर आत जातात आणि शेवटी पावणेदोन किलोची तूट राहते, वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. एवढी तूट चालते.

आता खाणं. सायकलवर पोट स्थिर असतं, म्हणून मोठा वाटा तिथेच उरकायचा. दर अर्ध्या तासाला २२ ग्रॅमचं एक जेल, म्हणजे तासाला ४४, आणि बाटलीतल्या पाण्यात तासाला २५ ग्रॅम साखर-माल्टोडेक्स्ट्रिन. झाले जवळपास ७० ग्रॅम. धावताना दर अर्ध्या तासाला एक जेल, तासाला ४४ ग्रॅम, तेही पाण्याच्या टेबलाजवळ पोचण्याच्या थोडं आधी उघडायचं, म्हणजे मागोमाग १५०-२०० मिलिलिटर साधं पाणी घेता येतं. जेलवर गोड सरबत कधीही नाही. साखरेवर साखर पडली की जठर जागच्या जागी थांबतं.

हा तक्ता कागदावर करायला पाच मिनिटं लागतात. पोटाला त्याची सवय व्हायला आठ आठवडे द्यावेत. पहिले दोन आठवडे रविवारच्या लांब सायकलफेरीत तासाला ३० ग्रॅमच घ्यायचे. एवढंसं घेऊन काय होणार, असं वाटेल, पण नवख्याला यातही ढेकर येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४५, पाचव्या-सहाव्यात ६०, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ७०, तेही सायकलवरून उतरून लगेच चाळीस मिनिटं धावून. खरी परीक्षा या चाळीस मिनिटांत होते, कारण सायकलवर गुपचूप साचलेलं सगळं धावायला लागलं की वर येतं. आठवड्याच्या मधल्या एखाद्या वेगाच्या सरावातही एक जेल घ्यावं. आरामाच्या वेगात पचलेलं जेल स्पर्धेच्या वेगात पचेलच असं नाही. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर मागच्या आकड्यावर आठवडाभर राहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची: एकतर प्रमाण, नाहीतर जेलचा प्रकार. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

नाश्त्याचाही सराव याच फेऱ्यांत होतो. स्पर्धेपूर्वी तीन तास आधी साधा भात, इडली, किंवा ब्रेड-जॅम चालतो. कांदेपोहे आवडत असतील तर शेंगदाणे आणि कांदा बाजूला ठेवून, तेल कमी घालून. आदल्या दिवशी उसळ, मिसळ, कोशिंबीर, राजमा यांना सुट्टी. तंतूंचं ओझं घेऊन सायकलवर बसलेलं आतडं जेलला जागा देत नाही. रोजचा चौरस आहार चांगला आहेच, फक्त त्या एका दिवशी तो नको.

प्रत्येक फेरीनंतर वहीत चार ओळी लिहाव्यात: किती ग्रॅम, किती पाणी, हवा कशी होती, पोट काय म्हणालं. आठ आठवड्यांनी ही वही कुठल्याही प्रशिक्षकाच्या तक्त्यापेक्षा जास्त कामाची ठरते. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी बिब घ्यायला गेल्यावर तिथल्या स्टॉलवर फुकट मिळणारं नवं जेल घरी न्यावं, स्पर्धेत नेऊ नये. आयोजक वाटेत कुठल्या कंपनीचं जेल देणार आहेत हे आधी कळलं, तर सरावात तेच वापरलं की खिसे हलके राहतात.

उरली मिठाची गोळी. तिच्याविषयी जेवढा विश्वास आहे तेवढा पुरावा नाही.

घामात सोडियम असतं आणि त्याचं प्रमाण माणसागणिक फार वेगळं असतं. कुणाच्या लिटरभर घामात पाचशे मिलिग्रॅम, तर कुणाच्या दीड हजाराहून जास्त. टोपीवर आणि बनियनवर पांढरे नकाशे उमटणारा माणूस बहुधा खारट घामाचा. बाजारातल्या बऱ्याच कॅप्सुलांमध्ये दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम सोडियम असतं. एक ग्रॅम साध्या मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम. म्हणजे एक कॅप्सूल हे पाव चमच्याहूनही कमी मीठ झालं. समुद्रात पोहताना दोन-तीन घोट पाणी पोटात गेलं, समजा ५० मिलिलिटर, तर त्यातून पाचशे मिलिग्रॅम सोडियम, दोन कॅप्सुलांएवढं, न विचारताच मिळतं. मिरामारच्या पाण्यातून बाहेर येताच मळमळणाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात मिठाची गोळी का टाळावी, हे यातून कळावं.

गोळीने पेटके थांबतात, ही सर्वात पक्की समजूत. केप टाउनच्या मार्टिन श्वेलनस यांनी आयर्नमॅन स्पर्धकांचं रक्त तपासलं, तेव्हा पेटके आलेल्या आणि न आलेल्या लोकांच्या सोडियममध्ये किंवा पाण्याच्या तुटीत पेटक्यांचं कारण सापडलं नाही. सापडलं ते असं की पेटके आलेले लोक अधिक वेगाने गेले होते आणि त्यांना पूर्वीही पेटके येत असत. स्नायू थकला की त्याला आकुंचनाचा आदेश देणारी मज्जासंस्था बिघडते, असं स्पष्टीकरण आज जास्त मान्य आहे. पेटका आला की थांबून तो स्नायू ताणावा. गोळी विरघळून रक्तात पोचायच्या आत पेटका ताणण्यानेच सुटलेला असतो, आणि श्रेय गोळीला जातं.

दुसरी समजूत अधिक धोक्याची: मिठाची गोळी घेतली की पाणी कितीही प्यायलं तरी चालतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम सुरक्षित पातळीच्या खाली होतं, काहींचं जिवाला धोका व्हावा इतकं. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटूचा सोडियम उतरून मृत्यूही झाला. सोडियम उतरण्याशी सर्वात घट्ट नातं दिसलं ते शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पिण्याशी. साधं पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, याने फरक पडला नाही, कारण स्पोर्ट्स ड्रिंकमध्येही रक्ताच्या मानाने सोडियम फारच कमी असतं. केप टाउनच्या आयर्नमॅनमध्ये तर काही स्पर्धकांना मिठाच्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या देऊन पाहिल्या. शेवटी दोन्ही गटांच्या रक्तातलं सोडियम सारखंच निघालं. जास्त पाणी ढोसणाऱ्याला कुठलीही गोळी वाचवत नाही.

मग गोळी टाकून द्यावी का? तसंही नाही. पाच-सहा तासांहून लांब, उकाड्यातल्या स्पर्धेत, घाम खारट असणाऱ्याने तासाला एक कॅप्सूल पाण्याबरोबर घेतली तर प्यायलेलं पाणी लघवीवाटे लगेच निघून जात नाही, शरीरात टिकतं, आणि गोड खाऊन विटलेल्या तोंडाला बरं वाटतं. कॉम्रेड्सच्या वाटेवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे लोक आवडीने घेतात ते याचसाठी. वर घेतलेल्या उदाहरणातल्या माणसाला सायकलवर तीन आणि धावताना दोन कॅप्सुला पुरेत. गोळी कोरडी गिळू नये आणि एकदम दोन-तीन घेऊ नयेत. जठरात मिठाचं तीव्र द्रावण झालं की उलटी होते, आणि मागची तासाभराची जेलंही बाहेर जातात. ज्यांना रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

ओआरएसचं काय, हा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पाकिटात लिटरला सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतं, मिठाच्या सात-आठ कॅप्सुलांएवढं. साखर मात्र फक्त १३.५ ग्रॅम, एका जेलच्या निम्म्याहून थोडी जास्त. मीठ म्हणून ते उत्तम, इंधन म्हणून निरुपयोगी. एखादी बाटली त्याची ठेवावी, पण जेलचा हिशेब त्यातून वजा करू नये.

शेवटची गोष्ट शर्यतीनंतरच्या तंबूतली. धावून आलेला माणूस गोंधळलेला दिसतोय, डोकं दुखतंय, उलट्या होतायत, बोटातली अंगठी किंवा मनगटावरचं घड्याळ घट्ट झालंय: अशा वेळी आजूबाजूचे लोक प्रेमाने त्याला पाणी पाजायला धावतात. त्याचं सोडियम उतरलं असेल तर तेच पाणी जीवघेणं ठरतं. त्याला लागतो तो शिरेतून दिलेला ३ टक्के मिठाच्या द्रावणाचा १०० मिलिलिटरचा डोस, आणि तो डॉक्टरच देऊ शकतात. पाणी कमी पडलंय की जास्त झालंय हे ठरवायला तिथे आकडा उपयोगी पडतो. म्हणून स्पर्धेच्या पहाटे वजनकाट्यावर उभं राहावं आणि दिसलेला आकडा बिबच्या मागच्या बाजूला, रक्तगटाशेजारी, न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवावा.